बेरियम सल्फेट पाण्यात नेमकं किती विरघळतं? कंडक्टिव्हिटीवरून विद्राव्यता काढण्याची कृती

गुणात्मक विश्लेषणात बेरियमच्या द्रावणात विरल सल्फ्युरिक आम्ल घातलं की पांढराशुभ्र साका बसतो आणि आपण वहीत ‘अविद्राव्य’ असं लिहून पुढच्या परीक्षेकडे वळतो. त्या कामापुरतं ते ठीक आहे. पण २५ °से. ला एक लिटर पाण्यात साधारण अडीच मिलिग्रॅम बेरियम सल्फेट विरघळतंच. बेरियमचे आयन विषारी असूनही पोटाच्या एक्स-रेआधी रुग्णाला या क्षाराचा घोळ पाजता येतो, तो विरघळण्याचं हे प्रमाण इतकं कमी असल्यामुळेच.

हे अडीच मिलिग्रॅम वजन करून काढायचं म्हटलं तर पंचाईत होते. शंभर मिलिलिटर संपृक्त द्रावण आटवलं तर मागे पाव मिलिग्रॅम उरेल. तेवढं तर काचेतून आणि हवेतल्या धुळीतूनही येतं. म्हणून वेगळी वाट धरायची. विरघळलेला भाग सगळाच्या सगळा आयनांच्या रूपात असतो आणि आयन वीज वाहून नेतात. तेव्हा द्रावण किती वीज वाहतं ते मोजायचं आणि त्यावरून आयन किती आहेत ते काढायचं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रीडरिश कोलराउश यांनी अल्पविद्राव्य क्षारांची विद्राव्यता याच पद्धतीने मोजली आणि बी.एस्सी.च्या प्रात्यक्षिकात आजही आपण तेच करतो.

सूत्र एका ओळीचं आहे, त्यामुळे प्रयोग सोपा वाटतो. पण उत्तर चुकतं ते बहुतेक वेळा सूत्रात नाही, तर पाण्यात आणि धुण्यात. म्हणून या लेखात आकडेमोड थोडी आणि पाणी-धुणं जास्त आहे.

आधी तत्त्व, थोडक्यात

मीटर थेट मोजतो तो कंडक्टन्स, म्हणजे रोधाचा व्यस्तांक. तो सेलच्या आकारावर अवलंबून असतो. इलेक्ट्रोडच्या पट्ट्या मोठ्या असतील किंवा जवळजवळ असतील तर त्याच द्रावणाचा कंडक्टन्स जास्त येतो. कंडक्टिव्हिटी, म्हणजे κ, हा मात्र द्रावणाचा स्वतःचा गुण आहे. या दोघांना जोडतो तो सेल कॉन्स्टंट:

κ = सेल कॉन्स्टंट × कंडक्टन्स

सेल कॉन्स्टंट म्हणजे पट्ट्यांमधलं अंतर भागिले पट्टीचं क्षेत्रफळ, त्यामुळे त्याचं एकक ‘प्रति सेंटिमीटर’. पण फूटपट्टी लावून तो काढू नये. विजेचा प्रवाह पट्ट्यांच्या कडांबाहेरूनही वाकून जातो आणि पट्टीवर काळ्या प्लॅटिनमचा खडबडीत थर असतो. म्हणून ज्याची κ आधीच अचूक माहीत आहे असं द्रावण भरायचं, कंडक्टन्स वाचायचा आणि भागाकार करायचा.

दुसरी गोष्ट मोलर कंडक्टिव्हिटीची. द्रावण इतकं विरल आहे की त्यातले आयन एकमेकांना जवळजवळ अडवतच नाहीत. त्यामुळे अनंत विरलनाच्या वेळची किंमत, Λ°, थेट वापरता येते. ती कोलराउशच्या नियमाने दोन्ही आयनांचे वाटे मिळवून काढायची. २५ °से. ला बेरियम आयनाचा वाटा १२७.२ आणि सल्फेट आयनाचा १६०.०, मिळून Λ° = २८७.२ सीमेन्स·सेंमी²/मोल.

इथे एक खोच आहे. काही तक्त्यांत याच आयनांसमोर ६३.६ आणि ८०.० असे आकडे दिसतात. ते एका इक्विव्हॅलंटमागचे आहेत. दोन्ही आयनांवर दोन-दोन प्रभार असल्यामुळे ते बरोबर निम्मे झाले. त्यांची बेरीज १४३.६ वापरली तर उत्तर नॉर्मॅलिटीत येईल आणि ते मोलॅरिटी समजून पुढे गेलात तर विद्राव्यता दुप्पट आणि विद्राव्यता गुणाकार चौपट होईल. तक्ता उघडला की आधी त्याचं शीर्षक वाचा.

मग उरतं ते एवढंच:

s = १००० × κ(क्षार) / Λ°

κ सीमेन्स प्रति सेंटिमीटरमध्ये असेल तर κ/Λ° चं उत्तर मोल प्रति घनसेंटिमीटर येतं. ते लिटरवर आणायला १००० ने गुणायचं.

पाणी

प्रयोगाचं अर्धं यश इथे ठरतं. बेरियम सल्फेटच्या संपृक्त द्रावणात क्षारामुळे येणारी κ फक्त ३ मायक्रोसीमेन्स/सेंमीच्या आसपास असते. कॉलेजच्या कॅनमधलं डिस्टिल्ड पाणी तपासून बघा, ते एकटंच २ ते ५ दाखवेल. म्हणजे जे मोजायचंय त्याच्याइतकंच किंवा त्याहून जास्त ‘पाण्याचं’ असतं.

अतिशुद्ध पाण्याची κ २५ °से. ला ०.०५५ मायक्रोसीमेन्स/सेंमी असते. पण असं पाणी उघड्या बीकरमध्ये ओतलं की ते हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषायला लागतं. त्यातून हायड्रोजन आणि बायकार्बोनेट आयन तयार होतात आणि κ चढत चढत १ च्या जवळ जाऊन थांबते. त्यामुळे उघड्यावर काम करताना १ ते १.५ वाचन देणारं पाणी मिळालं तर समाधान माना. ५ दाखवणारं पाणी घेऊन प्रयोग सुरूच करू नये. ते पुन्हा ऊर्ध्वपातित करा किंवा डीआयोनायझरमधून ताजं घ्या.

हे पाण्याचं वाचन शेवटी वजा करायचं आहे. बहुतेक जण कॅनमधून पाणी घेतात, लगेच वाचन लिहितात आणि ते वजा करतात. इथेच घोटाळा होतो. संपृक्त द्रावणातलं पाणी गरम झालेलं असतं, तासभर फ्लास्कमध्ये हललेलं असतं, काचेशी आणि हवेशी त्याचा संबंध आलेला असतो. कॅनमधल्या ताज्या पाण्याचं असं काहीच झालेलं नसतं. म्हणून तशाच दुसऱ्या फ्लास्कमध्ये तेच पाणी, क्षार न घालता, सगळ्या पायऱ्यांतून न्यायचं: तितकंच गरम करायचं, तितकंच हलवायचं, तितकाच वेळ ठेवायचं. वजा करायचं ते या पाण्याचं वाचन. यापुढे त्याला ‘कोरं पाणी’ म्हणतो.

काच बोरोसिलिकेटची असावी आणि नवी करकरीत नसावी, कारण नव्या काचेतून गरम पाण्यात अल्कली उतरते. फ्लास्क वापरण्याआधी त्यात हेच पाणी उकळून ओतून टाका.

साका करणं आणि धुणं

बाटलीतली बेरियम सल्फेटची पूड थेट वापरता येते. पण पुडीत कण फार बारीक असतील तर घोटाळा होतो. अतिसूक्ष्म कण मोठ्या कणांपेक्षा किंचित जास्त विरघळतात आणि वाचन वर जातं. शिवाय पुडीत अडकलेला दुसरा क्षार कोणता आणि किती, हे आपल्याला कळत नाही. साका स्वतः करणं मला पसंत आहे.

सुमारे ०.६ ग्रॅम बेरियम क्लोराइड डायहायड्रेट ५० मिलिलिटर पाण्यात विरघळवा आणि द्रावण उकळीच्या जवळ आणा. साधारण ०.०५ मोलर सल्फ्युरिक आम्लाचे ५० मिलिलिटर वेगळे गरम करून ते थेंबाथेंबाने, ढवळत, त्यात घाला. साधारण अर्धा ग्रॅम साका मिळेल आणि तो पुरून उरेल. बेरियम क्लोराइड विषारी आहे, पिपेटला तोंड लावू नका आणि हात धुवा.

सोडियम सल्फेट न घेता सल्फ्युरिक आम्ल घेण्याचं कारण असं, की मग द्रावणात मागे उरतं ते हायड्रोक्लोरिक आम्ल आणि साक्यात सोडियम अडकण्याचा प्रश्न राहत नाही. बेरियम नायट्रेटपेक्षा क्लोराइड बरं, कारण बेरियम सल्फेट नायट्रेटला स्वतःबरोबर जास्त ओढून घेतं.

आता हा साका त्याच द्रावणात, वॉटर बाथवर, तासभर गरम ठेवा. बारीक कण विरघळून मोठ्या कणांवर बसतात. साका जड होतो, भराभर खाली बसू लागतो आणि बारीक कणांची मघाची अडचणही बरीचशी मिटते.

मग धुणं. गरम शुद्ध पाणी घालायचं, ढवळायचं, बसू द्यायचं, वरचं निथळून टाकायचं, पुन्हा तेच. फिल्टर पेपर टाळा, कागदातूनही आयन येतात. वरचं पाणी स्वच्छ निवळलं असेल तर गाळण्याची गरज नाही. एखादा तरंगता कण राहिला तरी घन कण वीज वाहून नेत नाही.

किती वेळा धुवायचं? सिल्व्हर नायट्रेट घालून गढूळपणा यायचा थांबला की झालं, असं सांगितलं जातं. या प्रयोगाला ते पुरत नाही. समजा, साक्याबरोबर हायड्रोक्लोरिक आम्ल फक्त १०⁻⁵ मोलर इतकंच उरलं. सिल्व्हर नायट्रेटने त्याचा गढूळपणा बहुधा डोळ्यांना दिसणार नाही. पण हायड्रोजन आयन विजेच्या बाबतीत फार चपळ आहे, त्याचा वाटा जवळपास ३५०, आणि क्लोराइडचा ७६. दोन्ही मिळून त्या उरलेल्या आम्लाची κ ४.३ मायक्रोसीमेन्स/सेंमी होते. बेरियम सल्फेटची स्वतःची ३! म्हणजे चाचणी ‘स्वच्छ’ म्हणत असताना उत्तर दुपटीहून मोठं येईल.

म्हणून धुणं संपलं की नाही हे कंडक्टिव्हिटी मीटरलाच विचारायचं. सिल्व्हर नायट्रेटची चाचणी स्वच्छ निघाली की साक्यावर नवं पाणी घ्या, बूच लावून दहा-पंधरा मिनिटं चांगलं हलवा, २५ °से. ला आणा, बसू द्या आणि वाचन घ्या. ते पाणी फेका, नवं घ्या, पुन्हा वाचन घ्या. वाचनं उतरत जातील. लागोपाठची दोन-तीन वाचनं मोजमापाच्या चुकीच्या मर्यादेत सारखी आली की बाहेरचे आयन गेले आणि उरलं ते क्षाराचं स्वतःचं विरघळणं. बाहेरची घाण दर धुण्यागणिक कमी होत जाते, क्षाराचा वाटा मात्र दर वेळी तितकाच भरून येतो, म्हणून वाचन एका जागी थांबतं. या प्रयोगात माझा सगळ्यात जास्त विश्वास याच खुणेवर आहे.

संपृक्त झालं की नाही

धुतलेला साका दोन फ्लास्कमध्ये वाटून घ्या आणि दोन्हींत शुद्ध पाणी घाला. तिसऱ्यात फक्त कोरं पाणी. पहिला फ्लास्क ५० ते ६० °से. पर्यंत गरम करून हलवा आणि मग २५ °से. च्या थर्मोस्टॅटमध्ये ठेवून अधूनमधून हलवत राहा. दुसरा गरम न करता २५ °से. लाच हलवत ठेवा. कोरं पाणी पहिल्या फ्लास्कबरोबर गरम करा. काटेकोर राहायचं असेल तर दुसऱ्या फ्लास्कसाठी गरम न केलेलं आणखी एक कोरं पाणी ठेवता येईल.

पहिल्यात क्षार गरम पाण्यात थोडा जास्त विरघळलेला आहे आणि थंड होताना जादा भाग परत खाली बसतो आहे. दुसऱ्यात तो खालून वर चढतो आहे. वरून उतरणारं आणि खालून चढणारं वाचन एकाच आकड्यावर आलं तर समतोल साधला. पहिल्याचं जास्त असेल तर द्रावण अजून अतिसंपृक्त आहे, दुसऱ्याचं कमी असेल तर त्याला अजून वेळ हवा. एकच फ्लास्क वापरला तर यातलं काहीच कळत नाही. पंधरा-पंधरा मिनिटांनी वाचनं घ्या आणि दोन्ही फ्लास्क एका आकड्यावर येईपर्यंत थांबा.

तापमान आणि मीटर

आयनांची चपळता तापमानाबरोबर दर अंशाला साधारण दोन टक्क्यांनी वाढते. वरचे १२७.२ आणि १६०.० हे फक्त २५ °से. चे आकडे आहेत. मे महिन्यात पंख्याखाली ३२ °से. ला वाचन घेऊन हे आकडे लावले तर उत्तर दहा टक्क्यांहून जास्त फुगेल आणि विद्राव्यता कोणत्या तापमानाची हेही धड सांगता येणार नाही. थर्मोस्टॅट नसेल तर प्लॅस्टिकच्या टबात पाणी घ्या, त्यात थोडा थोडा बर्फ टाकून २५ वर आणा आणि फ्लास्क त्यात बुडवून ठेवा. मोठा टब तापमान बराच वेळ धरून ठेवतो.

मीटरवर दोन गोष्टी आधी तपासा. पहिली, आपोआप होणारी तापमान-दुरुस्ती, जी पडद्यावर ATC अशी दिसते. ती बंद करा किंवा तिचा गुणांक शून्य करा. ती साध्या क्षारांच्या द्रावणासाठी बसवलेली असते, जवळजवळ शुद्ध पाण्यासाठी तिचं गणित वेगळं असतं. तापमानाबरोबर विद्राव्यताही बदलते, हे तर मीटरला ठाऊकच नसतं.

दुसरी, मीटरमध्ये सेल कॉन्स्टंट आधीच भरलेला आहे का? काही मीटरमध्ये पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात सेल बुडवून बटण फिरवत १४१३ आणतात. तसं केलं असेल तर पडद्यावर दिसते ती κ, तिला पुन्हा सेल कॉन्स्टंटने गुणायचं नाही. मीटरमध्ये सेल कॉन्स्टंट १.००० ठेवला असेल तर दिसतो तो कंडक्टन्स आणि गुणाकार आपण करायचा. दोनदा गुणलं तर १.०४ च्या सेलला चार टक्क्यांची चूक होते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. ०.१ च्या सेलला मात्र उत्तर एकदम दहापटीने खाली जातं. शिकणाऱ्याने १.००० ठेवून हाताने गुणावं असं माझं मत आहे, म्हणजे काय चाललंय ते दिसत राहतं.

सेलचा सेल कॉन्स्टंट १ च्या आसपास असेल तर काम भागतं, ०.१ चा मिळाला तर उत्तम, कारण मग त्याच द्रावणाचा कंडक्टन्स दहापट मोठा वाचता येतो.

वाचनांचा क्रम

प्रयोगवहीत क्रम असा असतो: आधी पोटॅशियम क्लोराइड, मग पाणी, मग क्षार. मी तो उलटा करायला सांगेन. काळ्या प्लॅटिनमचा थर सच्छिद्र असतो, त्यात पोटॅशियम क्लोराइड अडकून राहतं आणि नंतर शुद्ध पाण्यात हळूहळू सुटत राहतं. सेल दोन-चारदा खळबळून घेतला तरी पाण्याचं वाचन मिनिटागणिक वर सरकताना दिसतं. म्हणून आधी कोरं पाणी, मग संपृक्त द्रावण आणि सगळ्यात शेवटी पोटॅशियम क्लोराइड. आधीच्या गटाने सेल पोटॅशियम क्लोराइडमध्ये वापरला असेल तर तो शुद्ध पाण्यात बुडवून ठेवा, पाणी बदलत राहा आणि पाण्याचं वाचन स्थिर होईपर्यंत सुरुवात करू नका.

दर वेळी सेल ज्या द्रावणात बुडवायचा त्याच द्रावणाने दोनदा विसळून घ्या. पट्ट्या पूर्ण बुडालेल्या असाव्यात, मध्ये हवेचा बुडबुडा नसावा आणि सेल साक्यात रुतलेला नसावा. पट्ट्यांना कागदाने पुसू नका, काळा थर खरवडला की सेल कॉन्स्टंट बदलतो.

पोटॅशियम क्लोराइडचं द्रावण ०.०१ मोलर घ्या. ते ११० °से. ला तास-दोन तास वाळवून, डेसिकेटरमध्ये थंड करून ०.१८६४ ग्रॅम अचूक तोला आणि २५० मिलिलिटरच्या व्हॉल्युमेट्रिक फ्लास्कमध्ये खुणेपर्यंत भरा. २५ °से. ला याची κ १४१३ मायक्रोसीमेन्स/सेंमी असते. ०.१ चा सेल असेल तर दहापट विरल द्रावण वापरा, त्याची κ १४७.

एक उदाहरण सोडवून

समजा २५ °से. ला, मीटरमध्ये सेल कॉन्स्टंट १.००० ठेवून, वाचनं अशी आली. कोरं पाणी १.४५ मायक्रोसीमेन्स. साक्यावर दर वेळी नवं पाणी घेऊन घेतलेली वाचनं: ११.२, ५.८, ४.६, ४.३९, ४.३७, ४.३७. पोटॅशियम क्लोराइड १.३६ मिलिसीमेन्स, म्हणजे १३६० मायक्रोसीमेन्स.

आधी सेल कॉन्स्टंट:

१४१३ / १३६० = १.०३९ प्रति सेंमी

पोटॅशियम क्लोराइडमधून पाण्याचा वाटा वजा करायची गरज नाही, १४०० मध्ये दीड म्हणजे एक-दशांश टक्का. तेच दीड बेरियम सल्फेटच्या वाचनाचा तिसरा हिस्सा असतं. मग दोन्ही κ:

κ(द्रावण) = ४.३७ × १.०३९ = ४.५४ मायक्रोसीमेन्स/सेंमी
κ(पाणी) = १.४५ × १.०३९ = १.५१ मायक्रोसीमेन्स/सेंमी
κ(क्षार) = ४.५४ − १.५१ = ३.०३ मायक्रोसीमेन्स/सेंमी = ३.०३ × १०⁻⁶ सीमेन्स/सेंमी

विद्राव्यता:

s = १००० × ३.०३ × १०⁻⁶ / २८७.२ = १.०६ × १०⁻⁵ मोल/लिटर

बेरियम सल्फेटचं मोलर वस्तुमान २३३.४, म्हणून लिटरमागे सुमारे २.५ मिलिग्रॅम. बेरियम आणि सल्फेट दोन्ही आयनांची संहती s इतकीच असल्यामुळे विद्राव्यता गुणाकार s² = १.१ × १०⁻¹⁰. पुस्तकांत २५ °से. ला साधारण १.१ × १०⁻¹⁰ च दिलेला असतो.

आता पाणी वजा करायला विसरलो असतो तर? ४.५४ वरून s = १.५८ × १०⁻⁵ आणि गुणाकार २.५ × १०⁻¹⁰, म्हणजे दुपटीहून जास्त. वजा केलं, पण पाण्याच्या वाचनात ०.३ ची चूक झाली तर? विद्राव्यता दहा टक्क्यांनी आणि गुणाकार वीस टक्क्यांनी हलतो. सेल कॉन्स्टंटमध्ये एक टक्का चूक झाली तर विद्राव्यतेतही एकच टक्का. त्यामुळे पोटॅशियम क्लोराइडच्या चौथ्या दशांश स्थानावर तासभर घालवण्यापेक्षा तो तास कोऱ्या पाण्याला द्या. उत्तर लिहितानाही १.०५६३ असं लांबवू नका, दोन अंकांपलीकडे या पद्धतीत अर्थ उरत नाही.

Λ° थेट वापरल्यामुळे किती फरक पडतो, हा प्रश्न तोंडी परीक्षेत हमखास येतो. इतक्या विरल द्रावणात खरी मोलर कंडक्टिव्हिटी Λ° पेक्षा सुमारे एक टक्का कमी असते, म्हणून खरी विद्राव्यता आपल्या उत्तरापेक्षा एखादा टक्का जास्त. गुणाकारात मात्र आयनांची सक्रियता धरली तर फरक थोडा मोठा होतो. दोन-दोन प्रभारांच्या आयनांचा सक्रियता गुणांक या संहतीला ०.९७ च्या आसपास आहे, त्याचा वर्ग ०.९४. दोन्ही दुरुस्त्या लावल्या की १.११ × १०⁻¹⁰ चं १.०७ × १०⁻¹⁰ च्या जवळपास होतं.

उत्तर चुकलं तर कुठे शोधायचं

उत्तर बरोबर दुप्पट आलं असेल तर आधी १४३.६ आणि २८७.२ पाहा. दहापट किंवा हजारपट असेल तर एकक आणि मीटरचा रेंज. हे कागदावर सापडतं.

उत्तर दीडपट-पावणेदोनपट असं अडनिडं येत असेल तर कागद बाजूला ठेवा आणि फ्लास्ककडे बघा. वाचनं नव्या पाण्यागणिक उतरतायत का? मग धुणं अपुरं आहे. एकाच द्रावणात सेल ठेवला असताना वाचन सावकाश वर चढतंय का? मग सेलमधून जुनं पोटॅशियम क्लोराइड सुटतंय, किंवा हवेतला कार्बन डायऑक्साइड शिरतोय. दोन्हींत फरक करायला सेल बाहेर काढून फ्लास्क तसाच उघडा ठेवा, थोड्या वेळाने सेल पुन्हा बुडवा. वाचन आधीच्या जागीच मिळालं आणि सेल आत ठेवल्यावर परत चढायला लागलं, तर दोष सेलचा.

उत्तर कमी आलं तर बहुधा द्रावण संपृक्त झालेलं नसतं, किंवा कोरं पाणी क्षाराच्या फ्लास्कपेक्षा जास्त वेळ उघडं राहिलेलं असतं आणि आपण गरजेपेक्षा जास्त वजा केलेलं असतं. उत्तर ऋण येणं हा त्याच चुकीचा टोकाचा प्रकार.

हीच पद्धत दुसऱ्या क्षारांना

सिल्व्हर क्लोराइडला ती चालते. त्याची Λ° १३८ च्या आसपास आणि क्षाराचा वाटा जवळपास १.८ मायक्रोसीमेन्स/सेंमी, त्यामुळे पाणी आणखी चांगलं हवं. फ्लास्क उजेडापासून झाकून ठेवा. सिल्व्हर ब्रोमाइडला मात्र ही पद्धत लावू नका. त्याचा वाटा ०.१ च्या आसपास, म्हणजे हवेतल्या कार्बन डायऑक्साइडच्याही दहाव्या हिश्शाइतका, आणि एवढा फरक उघड्या फ्लास्कमध्ये पकडता येत नाही.

लेड सल्फेट बऱ्याच प्रयोगवह्यांत असतं, कारण त्याचं वाचन काही दशक मायक्रोसीमेन्स येतं आणि पाण्याची कटकट कमी होते. पण Λ° धरण्याची चूक तिथे मोठी होते आणि शिशाचं पाणी सिंकमध्ये न ओतता वेगळ्या बाटलीत जमा करावं लागतं. कॅल्शियम सल्फेट तर इतकं विरघळतं की आयन जोड्या जुळवून बसतात, त्याला Λ° लावणं चूकच.

कॅल्शियम किंवा बेरियम कार्बोनेटची अडचण वेगळी आहे. कार्बोनेट आयन पाण्याशी अभिक्रिया करून बायकार्बोनेट आणि हायड्रॉक्साइड देतो आणि पाण्यातला कार्बन डायऑक्साइड खाऊन टाकतो. म्हणजे कोऱ्या पाण्यात जे आयन मोजले, ते क्षाराच्या फ्लास्कमध्ये तसे राहिलेलेच नसतात. बेरियम सल्फेटमध्ये पाण्याची κ सरळ वजा करता येते, कारण सल्फेट आयन त्या पाण्यातल्या हायड्रोजन आयनांना जवळजवळ हातच लावत नाही. कार्बोनेटच्या बाबतीत ती वजाबाकीच अर्थहीन ठरते.